देवराई, नदी आणि झोटेरो : एका सटीप संदर्भसूचीचे प्रकरण

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. हे प्रकरण आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका संशोधक बाईंचे. त्या आजरा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात आणि शनिवारी-रविवारी पीएच.डी.चे काम करतात. विषय धर्म आणि पर्यावरणनीती. त्यातही जिल्ह्यातल्या देवराया आणि पंचगंगा यांच्याशी लोकांचे जे धार्मिक नाते आहे, त्यातून निसर्गाविषयीचे कर्तव्य निघते का, हा त्यांचा प्रश्न. मार्गदर्शकांनी आराखड्यासोबत सटीप संदर्भसूची मागितली होती. म्हणजे नुसती पुस्तकांची यादी नव्हे, तर प्रत्येक नोंदीखाली सव्वाशे-दीडशे शब्दांत त्या लेखनाचे म्हणणे, त्याचा आधार आणि त्याची मर्यादा सांगणारी टीप.

साठेक नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीत भरून झाल्या होत्या. छापलेली प्रत मात्र मार्गदर्शकांकडून परत आली. वर शेरा होता : "टिपा एकसारख्या नाहीत. कोणता लेखक कोणाला विरोध करतो ते कळत नाही."

"सर, सगळं भरलंय हो मी. मग बाहेर असं का येतंय?" बाईंनी प्रत माझ्या टेबलावर ठेवली. काही नोंदींखाली टीप होती, बऱ्याच नोंदींखाली काहीच नव्हते. दोन-तीन पुस्तकांखाली टिपेच्या जागी `Google-Books-ID:` आणि पुढे अक्षरांची रांग छापली गेली होती. लिन व्हाइट यांचा एकच निबंध तीन ठिकाणी आला होता. रा. चिं. ढेरे दोन वेगळ्या रूपांत होते, जणू ती दोन माणसे असावीत. स्वल्पविराम-पूर्णविरामाचा गोंधळ होताच, पण तो सगळ्यात किरकोळ होता.

आधी टीप कुठे आहे ते पाहिले. झोटेरोत मजकूर लिहायला तीन जागा दिसतात आणि बाईंनी तिन्ही वापरल्या होत्या. काही टिपा नोंदीला जोडलेल्या नोटमध्ये होत्या, काही `Abstract` या रकान्यात, काही `Extra`मध्ये. त्यांनी निवडलेली सटीप शैली, म्हणजे नोंद कशी छापायची ते ठरवणारा साचा, फक्त `Extra` छापणारी होती. म्हणून नोटमधल्या आणि `Abstract`मधल्या टिपा छापील प्रतीत आल्याच नाहीत. ज्या पुस्तकांची माहिती गूगल बुक्सवरून आपोआप उतरली होती, तिथे `Extra`त पडलेला तो ओळखक्रमांक टीप म्हणून बाहेर आला.

नोटमध्ये लिहायला मोकळीक असते, पण `Create Bibliography` ही आज्ञा दिली की नोट छापली जात नाही. ती दिसते `Generate Report`मध्ये, आणि तो अहवाल म्हणजे संदर्भसूची नव्हे. `Extra` हा रकाना मुळात अडगळीचा. वेगवेगळी संकेतस्थळे तिथे प्रकाशकाचे नाव, ओळखक्रमांक असे काहीबाही टाकतात. राहिला `Abstract`. त्याचा एक मोठा धोका आहे. झोटेरोचा कनेक्टर, म्हणजे ब्राउझरमधली त्याची जोडणी, लेख उतरवताना प्रकाशकाचा सारांश याच रकान्यात आणून ठेवतो. लक्ष ठेवले नाही तर दुसऱ्याने लिहिलेला इंग्रजी सारांश आपली टीप म्हणून छापला जातो, आणि प्रबंधात ती थेट उचलेगिरी ठरते.

तरीही आम्ही `Abstract`च ठरवला. नियम असा केला, की नोंद उतरवली की लगेच तिथला प्रकाशकाचा सारांश कापून जोडनोटमध्ये टाकायचा आणि त्या नोटची पहिली ओळ "प्रकाशकाचा सारांश" अशी लिहायची. `Abstract` रिकामा राहील. त्यात पुढे फक्त बाईंची स्वतःची मराठी टीप येईल, एकाच परिच्छेदात. `Extra`तला नको तो मजकूर पुसायचा.

यानंतरचे दुखणे जास्त खोल होते. एक लेखनकृती म्हणजे नेमके काय? व्हाइट यांचा निबंध या विषयातल्या जवळपास प्रत्येक चर्चेचा आरंभबिंदू आहे. डिसेंबर १९६६ मधले व्याख्यान, मार्च १९६७ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात छापले गेले. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने माणसाला निसर्गाचा मालक ठरवले, त्या दृष्टीतून आधुनिक विज्ञान-तंत्रज्ञान वाढले आणि पर्यावरणाच्या संकटाची मुळे तिथे आहेत, असा त्याचा सांगावा. पुढे हा निबंध अनेक संकलनांत पुन्हा छापला गेला. बाईंच्या झोटेरोत तो एकदा नियतकालिकातला लेख म्हणून होता आणि दोनदा दोन वेगळ्या संकलनांतले प्रकरण म्हणून. तिन्हींवर तीन वेगळ्या दिवशी लिहिलेल्या टिपा होत्या. एकीत निबंध "ख्रिस्ती धर्मविरोधी" होता, तर दुसरीत "धर्मातूनच उपाय सुचवणारा".

गंमत म्हणजे दोन्ही टिपांना आधार आहे. व्हाइट यांनी निबंधाच्या शेवटी संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांचे आश्रयदाते संत मानावे असे सुचवले आहे. मुळे धार्मिक असतील तर उपायही धार्मिकच असावा लागेल, असे त्यांना वाटत होते. पहिल्या टिपेत हा शेवट राहून गेला होता. नोंद एकच असती तर ही विसंगती पहिल्याच दिवशी समोर आली असती.

झोटेरोतल्या `Duplicate Items`ने ही तिप्पट नोंद पकडली नाही, आणि ती पकडणारही नाही. तिथे शीर्षक, लेखक, साल आणि डीओआय-आयएसबीएन ताडून पाहिले जातात. १९६७ चा लेख आणि पुढच्या दशकांतले संकलन यांची साले जुळत नाहीत. शिवाय नोंदींचा प्रकार वेगळा असेल तर झोटेरो त्यांचे विलीनीकरण करत नाही. त्यात आणखी एक बारकावा. मूळ शीर्षकात `Ecologic` आहे, पण पुष्कळ ठिकाणी ते `Ecological` असे छापलेले किंवा उद्धृत केलेले सापडते. बाईंच्या तीन नोंदींत दोन्ही रूपे होती. पुनर्मुद्रित प्रतीत जे छापले असेल ते त्या नोंदीत तसेच ठेवायचे, परंतु मुख्य नोंद मूळ पानावरूनच करायची. ती अशी झाली :

```
Item Type:   Journal Article
Title:       The Historical Roots of Our Ecologic Crisis
Author:      White | Lynn, Jr.
Publication: Science
Volume:      155
Issue:       3767
Pages:       1203-1207
Date:        1967-03-10
Language:    en
DOI:         10.1126/science.155.3767.1203
```

`Jr.` आडनावाच्या रकान्यात टाकायचा नाही. तो पहिल्या नावापुढे स्वल्पविराम देऊन लिहायचा, म्हणजे शैली त्याला योग्य जागी बसवते. टीप फक्त या नोंदीखाली. पुनर्मुद्रणाच्या नोंदी पुसल्या नाहीत, कारण बाईंनी एका ठिकाणी संकलनाचा पृष्ठक्रमांक दिला होता. त्या `Related`मधून मुख्य नोंदीला जोडल्या आणि 'पुनर्मुद्रणे' नावाच्या वेगळ्या कलेक्शनमध्ये हलवल्या. छापील सूची त्या कलेक्शनवरून निघत नाही.

संपादित ग्रंथांचे उलट झाले होते. तिथे एकाच नोंदीत अनेक लेखक कोंबले गेले होते. हार्वर्डमधून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगातले धर्म आणि पर्यावरण यांवर एक ग्रंथमालिका निघाली. तिच्यातला हिंदू धर्मावरचा खंड क्रिस्टोफर की चॅपल आणि मेरी एव्हलिन टकर यांनी २००० साली संपादित केला. बाईंची त्यावर एकच टीप होती : हिंदू परंपरेत निसर्गाविषयी आदर आहे असे हा ग्रंथ सांगतो. पण ग्रंथ म्हणून तो एक गोष्ट सांगतच नाही. हिंदू श्रद्धा भारताला या संकटात मदत करतील का, असा प्रश्न अनिल अगरवाल त्यात उघडपणे विचारतात. ॲन ग्रॉडझिन्स गोल्ड राजस्थानातले वन आणि दरबार यांच्याविषयी लिहितात. केली ॲली धर्म, राजकारण आणि प्रदूषण हे लोकांच्या बोलण्यात कसे वेगवेगळे राहतात ते दाखवतात. हे सगळे एका टिपेत मावणे शक्य नाही. म्हणून नियम असा झाला, की संपादित ग्रंथावर टीप नाही, वाचलेल्या प्रत्येक प्रकरणावर आहे. ग्रंथाची नोंद `Duplicate Item`ने दुप्पट करून तिचा `Item Type` बदलून `Book Section` करायचा. प्रकार बदलला की ग्रंथाचे नाव `Book Title`मध्ये सरकते, त्यामुळे `Title`मध्ये प्रकरणाचे नाव भरून दोन्ही रकाने डोळ्यांनी तपासायचे. संपादकांची नावे `Editor` म्हणून आहेत ना, तेही पाहायचे. कित्येकदा ती `Author` म्हणून उतरतात आणि छापताना चॅपल दुसऱ्याच्या लेखाचे लेखक होऊन बसतात.

मराठी नोंदींचे काम हाताने करावे लागले. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतो, त्यामुळे `Add Item by Identifier` तिथे उपयोगी पडत नाही. बाईंनी करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून मुखपृष्ठामागच्या पानावरून माहिती उतरवली होती, ती चांगलीच होती. अडचण होती ती लिहिण्याच्या पद्धतीत.

पहिली गोष्ट साल. त्यांनी `Date`मध्ये १९८४ असे देवनागरी आकडे लिहिले होते. झोटेरो ते साल म्हणून ओळखत नाही. ओळखले की रकान्याच्या कडेला फिकट `y` उमटतो, देवनागरी आकड्यांना तो उमटत नाही, आणि सालाप्रमाणे क्रम लावला की अशा सगळ्या नोंदी एका टोकाला जाऊन बसतात. म्हणून रकान्यात `1984`. जुन्या पुस्तकांवर नुसता शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या प्रकाशनाला ७९ मिळवावे लागतात. महिना छापलेला नसेल तर ७८ धरून शकाचा आकडा जोडनोटमध्ये जसाच्या तसा ठेवला.

दुसरी गोष्ट नावे. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथाला लेखक "ढेरे, रा. चिं." आणि दुसऱ्या पुस्तकाला "ढेरे, डॉ. रामचंद्र चिंतामण". शिकागो शैलीच्या १७ व्या आवृत्तीत एकाच लेखकाचे दुसरे पुस्तक आले की नावाऐवजी लांब रेघ येते. रेघ यायला हवी तिथे पुन्हा नाव आले, तर समजावे की दोन नोंदींत नाव वेगळे लिहिले गेले आहे. एखादी जागा जास्त सुटली तरी रेघ येत नाही. ही तपासणी मी नेहमी कागदावर करतो, पडद्यावर ती नजरेतून सुटते. आम्ही संपूर्ण नाव ठेवले आणि 'डॉ.', 'प्रा.', 'ह.भ.प.' ही सगळी बिरुदे काढली. आदर कमी व्हावा म्हणून नव्हे, तर अनुक्रमाला ती लागत नाहीत म्हणून. संतांना आडनावाचा रकाना लागू होत नाही. लेखकाच्या नावाशेजारच्या खुणेवर टिचकी मारून रकाना एकेरी केला, त्यात नुसते `तुकाराम` लिहिले आणि गाथेच्या त्या प्रतीचे संपादक `Editor`मध्ये गेले.

प्रत्येक नोंदीला `Language` भरला : `mr` किंवा `en`. मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या छापायच्या ठरल्या, कारण एकच इंग्रजी शैली लावली की मराठी पुस्तकाच्या नोंदीत मध्येच इंग्रजीत "संपादित" उगवते आणि सालाच्या जागी इंग्रजी संक्षेप येतो. कोल्हापुरातली मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची पत्रके बाईंनी जमवली होती. त्यांतल्या बहुतेकांवर साल नव्हतेच. अशा पत्रकांना अंदाजाने साल द्यायचे नाही, रकाना रिकामा ठेवायचा, आणि हाती कधी आले ते `Accessed`ऐवजी जोडनोटमध्ये लिहायचे, कारण ती वस्तू कागदी आहे.

एवढे होईपर्यंत नोंदी सरळ झाल्या. मार्गदर्शकांचा खरा आक्षेप मात्र तसाच उभा होता. कोण कोणाला विरोध करतो?

माझ्या मते या विषयातल्या टिपा फसतात त्या एकाच जागी. धर्म आणि पर्यावरण यांवरचे लेखन तीन निरनिराळ्या प्रकारचे दावे करते आणि वाचणारा ते एकात मिसळतो. काही लेखक ग्रंथात काय आहे ते सांगतात : वेद, पुराणे, अभंग, बायबल यांत निसर्ग कसा दिसतो. काही जण लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहून येतात. काही जण लोकांनी काय करावे ते सांगतात. ग्रंथात नदी पवित्र आहे एवढ्यावरून लोक ती स्वच्छ ठेवतात असे ठरत नाही. लोक राईतले लाकूड तोडत नाहीत एवढ्यावरून त्यांच्या मनात पर्यावरणाचा विचार आहे, हेही ठरत नाही.

बाईंची गाडगीळ-वर्तक यांच्या लेखावरची टीप याचा नमुना होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा हा लेख १९७६ साली 'इकॉनॉमिक बॉटनी'च्या तिसाव्या खंडात आला. जुनी टीप अशी होती :

"देवरायांवरील हा अत्यंत महत्त्वाचा लेख आहे. आपल्या पूर्वजांनी पर्यावरणाच्या रक्षणासाठी देवराया राखल्या हे यातून सिद्ध होते. प्रस्तुत संशोधनास उपयुक्त."

मी विचारले, "मॅडम, 'पर्यावरणाच्या रक्षणासाठी' हे लेखात कुठल्या पानावर आहे?" त्यांनी लेख उघडला आणि बराच वेळ पाने चाळली. लेखात देवतेच्या संरक्षणाखालची राई आहे, तिथे वाळलेले लाकूडही न उचलण्याची रूढी आहे, इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पती आहेत. राखणाऱ्यांचा हेतू बाईंनी आपल्याकडून घातला होता. "पण सर, आमच्या गावात सगळे असंच म्हणतात." मी म्हटले, ते गावाचे म्हणणे तुमच्या मुलाखतीत येईल आणि तिथे ते मोलाचे आहे. या लेखाच्या टिपेत नको.

नवी टीप त्यांनी स्वतः लिहिली :

"पश्चिम घाटातल्या देवराया देवतेवरच्या श्रद्धेमुळे आणि धाकामुळे टिकल्या आणि आसपास तुटलेल्या जंगलाचे अवशेष त्यांत उरले, असे लेखक मांडतात. ही प्रथा शेतीच्याही आधीच्या, शिकार आणि कंदमुळे गोळा करण्याच्या अवस्थेतली असावी, असा त्यांचा कयास आहे. आधार : देवरायांची प्रत्यक्ष पाहणी आणि वनस्पतींच्या नोंदी. दावा: आचरणाविषयी. मर्यादा : प्रथेच्या उगमाविषयीचा भाग अनुमानाचा आहे, राई राखणाऱ्यांचा हेतू काय होता, हा लेखाचा प्रश्न नाही. संबंध : देवराई टिकली हा परिणाम आणि ती का टिकवली हा हेतू, यांत फरक करण्यासाठी टोमालिन (२००४) यांच्यासोबत वाचावा. आजऱ्यातल्या राया आज कोणत्या कारणाने टिकून आहेत, हे तपासताना हा लेख तुलनेचा पाया ठरेल."

पाच गोष्टी, ठरलेल्या क्रमाने : म्हणणे, आधार, दावा, मर्यादा, संबंध. टोमालिन यांचा उल्लेख आला आणि मार्गदर्शकांना हवे होते ते दिसू लागले. एमा टोमालिन यांचा २००४ मधला 'न्यूमेन'मधला लेख नेमका हाच धागा पकडतो. निसर्गात देवत्व पाहणे भारतात जुने आहे, पण पर्यावरणवाद ही आधुनिक कल्पना आहे आणि पहिल्यातून दुसरी आपोआप निघते असे मानता येत नाही, असे त्या म्हणतात. मुकुल शर्मा यांचे दलित आणि पर्यावरण-राजकारण यांवरचे २०१७ चे पुस्तक आणखी वेगळा प्रश्न घालते : निसर्गाशी असलेल्या नात्यात जात कुठे आहे? देवराई सगळ्या गावाची, असे आपण सहज लिहितो. तिथे कोणाला शिरू दिले जाते हे विचारत नाही. बाईंनी ही ओळ आपल्या मुलाखतीच्या प्रश्नावलीत घेतली.

टिपेतला "दावा:" हा शब्द आम्ही मुद्दाम सगळीकडे एकाच रूपात ठेवला, मध्ये जागा न सोडता. त्यानंतर तीनच पर्याय : `दावा: ग्रंथाविषयी`, `दावा: आचरणाविषयी`, `दावा: कर्तव्याविषयी`. दोन दावे असतील तर दोन्ही लिहायचे. झोटेरोत सेव्ह्ड सर्च करून `Abstract` `does not contain` `दावा:` अशी अट घातली. ज्या नोंदींची टीप अजून झालेली नाही किंवा जिथे प्रकाशकाचा सारांश चुकून राहिला आहे, त्या सगळ्या एका ठिकाणी येतात. `Show only top-level items` या चौकटीत खूण करावी लागते, नाहीतर जोडलेल्या पीडीएफ आणि नोटही यादीत येऊन गर्दी करतात. ज्यांवर टीप लिहायचीच नाही अशा नोंदी सोडून ही यादी रिकामी होईपर्यंत काम संपले असे धरायचे नाही, असे ठरले.

या शोधाने टिपा आहेत की नाहीत ते कळते, त्या खऱ्या आहेत की नाहीत ते नाही. नुसता सारांश वाचून लिहिलेली टीप ओळखायची एक खूण आहे. तिच्यात मर्यादा नसते, किंवा असलीच तर "नमुना लहान आहे" अशी कुठेही चिकटणारी असते. बाईंनी प्रत्येक नोंदीला दोनपैकी एक टॅग दिला : `वाचले-पूर्ण` किंवा `वाचले-प्रकरण`. दोन्ही नसेल तर नोंद 'न पाहिलेले' या कलेक्शनमध्ये. कनेक्टरने आपोआप आणलेले टॅग त्याआधी काढून टाकले आणि सेटिंग्जमध्ये तो पर्याय बंद केला, नाहीतर देवराईसाठी इंग्रजीतलेच चार-पाच वेगळे टॅग जमा होतात आणि मराठी टॅग त्यांत हरवतो.

नदीच्या भागात या तीन दाव्यांनी बाईंना सगळ्यात जास्त मदत केली. ॲन फेल्डहाऊस यांचे महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धार्मिक अर्थांवरचे १९९५ चे पुस्तक त्यांनी "पर्यावरणनीती" या गटात ठेवले होते. ते पुस्तक नदीला स्त्रीरूपात पाहण्याविषयी आहे, सुबत्तेविषयी आहे, मुलाबाळांच्या नवसांविषयी आहे. त्यातून कर्तव्य काढायचे असेल तर ते बाईंना स्वतः काढावे लागेल. दावा बदलला आणि टिपेचा शेवटही बदलला. केली ॲली यांचे गंगेवरचे २००२ चे पुस्तक याच्या शेजारी आले. काशीच्या घाटावरचे लोक गंगा घाण झाली आहे हे मान्य करतात आणि तरीही ती अपवित्र होऊ शकत नाही असे म्हणतात. त्यांच्या लेखी घाण ही एक गोष्ट आणि पावित्र्य ही दुसरी. त्यामुळे पावित्र्याचा दाखला देऊन सांडपाणी थांबवा असे सांगणारी मोहीम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पंचगंगा घाटावर आणि नरसोबाच्या वाडीला हे तसेच दिसते का, हा प्रश्न बाईंच्या टिपेच्या शेवटच्या ओळीत आला आणि तो प्रबंधाच्या एका प्रकरणाचा विषय झाला.

शेवटी शैली. झोटेरोच्या `Settings`मध्ये `Cite`खाली शैली संपादक असतो. तिथे शिकागो १७ उघडली आणि `<title>` व `<id>` दोन्ही बदलून नवी प्रत जपली. ते बदलले नाही तर शैलींचे अद्ययावतीकरण झाले की आपली दुरुस्ती पुसली जाते. टीप छापण्यासाठी एक ओळ पुरते, पण नुसती ती ओळ घातली की पूर्णविराम नोंदीच्या शेवटी न येता टिपेच्या शेवटी जातो, कारण मूळ शैलीत तो `layout`ला जोडलेला असतो. म्हणून मूळ ओळी एका गटात घेतल्या :

```xml
<layout>
  <group suffix=".">
    <!-- मूळ शैलीतल्या ओळी इथे -->
  </group>
  <text variable="abstract" display="block"/>
</layout>
```

मराठी सूचीसाठी याच शैलीची दुसरी प्रत केली आणि तिच्यात इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द घातले. `locale`ला भाषा न लिहिल्यास ते सगळीकडे लागू होतात :

```xml
<locale>
  <terms>
    <term name="editor" form="verb">संपादन:</term>
    <term name="no date" form="short">साल नाही</term>
  </terms>
</locale>
```

शैलीत `locale` आधीपासून असतो. तिथे दुसरा न घालता याच दोन ओळी त्याच्या `terms`मध्ये बसवायच्या. मग `Language` `is` `mr` आणि `Language` `is` `en` अशा दोन सेव्ह्ड सर्चमधून, पुनर्मुद्रणे वगळून, नोंदी निवडून दोन याद्या आरटीएफमध्ये काढल्या आणि एका फाइलीत जोडल्या.

दुसऱ्या वेळी मार्गदर्शकांनी विरामचिन्हांवर काहीच लिहिले नाही. त्यांनी मराठी विभागाच्या समासात लिहिले होते, की इथले जवळपास सगळे लेखन कर्तव्याविषयी आहे आणि आचरणाविषयीचे अगदी थोडे. खरेच तसे होते. मूर्तिदानाची पत्रके, निर्माल्याची आवाहने, वृत्तपत्रांतले अग्रलेख, सगळी लोकांनी काय करावे ते सांगणारी. विसर्जनाला इराणी खणीवर येणारा माणूस नदी का टाळतो, म्हणजे श्रद्धेने, पालिकेच्या व्यवस्थेमुळे, की शेजारी जातात म्हणून, हे सांगणारे लेखन बाईंना मराठीत मिळाले नव्हते. त्या प्रश्नासाठी त्यांनी आपल्या क्षेत्रकार्याचे दिवस देवराईकडून काढून थोडे घाटाकडे वळवले आहेत. मुलाखती त्या झोटेरोत ठेवत नाहीत. संदर्भसूचीची लायब्ररी मार्गदर्शकांसोबत सामायिक आहे आणि बोलणाऱ्यांनी नाव देण्याची परवानगी दिलेली नाही. 'न पाहिलेले' या कलेक्शनमध्ये अजून काही नोंदी आहेत. त्या पुस्तकांसाठी आंतरग्रंथालयीन मागणी पाठवली आहे, आणि पुस्तक हातात येईपर्यंत त्यांचा `Abstract` रिकामाच राहील.